चेहरा जुळला

ताई गेल्यावर धाकटीनं पहिली गोष्ट केली ती ही, की कपाटाच्या आरशावर जुनी चादर टाकली. शेजारणीला वाटलं धूळ बसू नये म्हणून असेल. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. दोघी जुळ्या. आई सांगायची, ताई पहाटे झाली आणि धाकटी उजाडल्यावर, तेवढ्या अंतरानं एक जन्मभर थोरली राहिली आणि दुसरी जन्मभर धाकटी. नाक तेच, कपाळ तेच, हसताना डाव्या गालाला पडणारी घडीसुद्धा तीच. म्हणून आरसा उघडा राहिला असता, तर रोज सकाळी तोंड धुऊन मान वर केली, की समोर ताई उभी असती. ओल्या तोंडानं, काही न बोलता.

ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न दोघींनीही केलं नाही. कोणी विचारलं तर ताई म्हणायची, "आमच्यात कोण कुठली हे नवऱ्याला कळणार नाही, उगाच घोटाळा." निवृत्तीनंतर दोघी या दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. भांडणं व्हायची ती खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. ताईला वारा हवा असायचा, धाकटीला तो बाधायचा. आता खिडकी बंद ठेवायला कोणी अडवत नव्हतं, तर धाकटी ती सताड उघडी ठेवून शाल पांघरून बसायची.

घरातले व्यवहार सगळे ताईच्या हातात. फोनही मोठा तिचाच. धाकटीकडे बटणांचा साधा फोन होता, तिला तेवढा पुरे होता. दोन वर्षांपूर्वी पुतणीनं ताईच्या फोनवर हयातीच्या दाखल्याचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. पेन्शनरानं दर वर्षी आपण जिवंत आहोत हे कळवायचं असतं, नाहीतर पेन्शन थांबतं. पूर्वी त्यासाठी रांगेत उभं राहायला लागायचं. आता फोनसमोर चेहरा धरला की काम होत होतं. मात्र दाखला भरून देणाऱ्याला आधी स्वतःचा चेहरा दाखवून नाव नोंदवावं लागायचं. मग त्या फोनवरून तो स्वतःचा आणि बाकी कोणाचाही दाखला भरू शकायचा. नोंदणी ताईची झाली. ताई तेव्हापासून धाकटीला खिडकीपाशी बसवायची, चष्मा काढायला लावायची आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणायची, "हलू नका. पापण्या मिटा. उघडा. झालं, दुखलं नाही ना?"

अ‍ॅप मध्येच दोन प्रश्न विचारायचं: पुन्हा नोकरी करता का, पुन्हा लग्न केलं आहे का? दुसऱ्या प्रश्नाला ताई दर वर्षी पोट धरून हसायची. "पहिल्याचाच पत्ता नाही आणि हे पुन्हाचं विचारतायत!"

ताई उन्हाळ्यात गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि जिथं तिनं उभा जन्म काढला त्याच इमारतीत तिनं डोळे मिटले. पुतणी आली, सगळं निस्तरलं, मृत्यूचा दाखला काढून दिला. "पेन्शनच्या ऑफिसात मी कळवू का, आत्या?" तिनं विचारलं होतं. धाकटी म्हणाली, "राहू दे. ते मी करेन." तिला ते खरंच करायचं होतं. पण त्या कागदाची पिशवी घेऊन ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरली. बँकेत ताईच्या खात्यात पैसे येत राहिले. धाकटीनं त्यांना हात लावला नाही, आणि थांबवलंही नाही.

दाखल्याचा महिना आला तसे ताईच्या फोनवर संदेश यायला लागले. फोन धाकटीनं चार्ज करून ठेवला होता, का ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "आपला हयातीचा दाखला सादर करावयाचा आहे." एकदा, मग पुन्हा. वरती ताईचं नाव. धाकटीच्या साध्या फोनवरही तसाच संदेश आला होता, पण त्यानं तिला काही झालं नाही. ताईच्या नावानं आलेला वाचला की मात्र ती फोन पालथा ठेवायची. कोणीतरी दार वाजवून विचारत होतं, बाई आहेत का घरात?

पुतणीला फोन लावला. पुतणी म्हणाली, "आत्या, त्या फोनवर नोंदणी ताईआत्याची आहे. अ‍ॅप काढून नव्यानं टाकावं लागेल, तुझी नोंदणी करावी लागेल. मी पुढच्या रविवारी येते. तोवर काही खुडबुड करू नकोस."

"नाही गं, मी कशाला करते," धाकटी म्हणाली.

आणि दुसऱ्याच दिवशी, टळटळीत दुपारी, ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. मागं पांढरी भिंत, तोंडावर उजेड, चष्मा मांडीवर, अगदी ताई बसवायची तसं. नुसतं उघडून पाहू, तिनं मनाशी म्हटलं. अ‍ॅप उघडलं. ते म्हणालं, नोंदणी पुन्हा पडताळायची आहे, चेहरा दाखवा. पडद्यावर गोल आला, आणि गोलात ताईचा चेहरा.

धाकटी दचकली. मग ओशाळली. तो तिचाच होता. आरसा झाकून इतके महिने झाले होते की समोरून आपण कशा दिसतो हे ती विसरली होती. केस वाढलेले, गाल बसलेले. शेवटच्या दिवसांत ताई दिसायची तंतोतंत तशी. पडद्यानं सांगितलं, पापण्या मिटा. तिनं मिटल्या, उघडल्या. गोल हिरवा झाला. खाली ताईचं नाव उमटलं आणि त्यापुढं: पडताळणी यशस्वी.

धाकटीनं चष्मा लावून ते शब्द पुन्हा वाचले. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

पुढचं तिनं केलं ते शुद्धीत केलं की बेशुद्धीत, हे तिला नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. तिला स्वतःचा दाखला भरायचा होता. ओळख क्रमांक टाकायची चौकट आली तेव्हा मात्र बोटांनी ताईचा क्रमांक टाकला. तो तिला पाठ होता, कारण दवाखान्यात शेवटच्या वेळी दहा ठिकाणी तोच लिहावा लागला होता. त्याच फोनवर ओटीपी आला. तिनं भरला. पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि खातं ताईच्या पासबुकावरून उतरवलं. पुन्हा नोकरी? नाही. पुन्हा लग्न? इथं तिचा हात थांबला. ऐकू येईल असं वाटलं. खोलीत कोणी हसलं नाही. तिनं 'नाही'वर बोट ठेवलं.

मग पुन्हा गोल, पुन्हा तो चेहरा. "हलू नका," धाकटी स्वतःशीच पुटपुटली, आणि आवाज ताईचा निघाला. दवाखान्यातला, कोरडा, मायेचा. पापण्या मिटल्या. उघडल्या. हिरवं. दाखला तयार झाला. क्षणभरानं फोन थरथरला आणि संदेश आला, दाखल्याचा क्रमांक देऊन: आपला हयातीचा दाखला तयार झाला आहे.

ताई जिवंत होती. सरकारी शिक्का होता त्यावर. धाकटीनं फोन छातीशी धरला आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा हुंदके देऊन रडली.

रडून झाल्यावर तिनं चेहरा पुसला आणि स्वतःचा दाखला भरायला घेतला. तिच्या साध्या फोनवर ओटीपी आला, बाकी सगळं ताईनं गेल्या वर्षी लिहून ठेवलं होतं. गोल आला. पापण्या मिटल्या. गोल लाल झाला. चेहरा जुळला नाही. डोळे सुजलेत म्हणून असेल, तिला वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा केलं. जुळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्वच्छ उजेडात, केस विंचरून, चष्मा काढून, भिंतीला पाठ लावून केलं. जुळला नाही.

त्यानंतरचे दिवस धाकटीनं कसे काढले ते तिलाच माहीत. भूत म्हटलं की लोकांना झाडावरचं आठवतं. तिच्या घरातलं भूत भाजी निवडायचं, दूध तापवायचं. आणि ते कोण, याचाच तिला हळूहळू विसर पडायला लागला. ताईचा राखाडी स्वेटर थंडी वाजली म्हणून घातला, तो अंगावरच राहिला. चहात साखर ताईला लागायची तेवढी पडायला लागली. शेजारीण म्हणाली, "अहो, तुम्ही आताशा त्यांच्यासारख्याच चालता. मला तर मागून भासच झाला." धाकटीनं हसून दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिली. तिला भीती वाटली होती, पण खोटं कशाला बोला, त्यात थोडा आनंदही होता.

दिवस मावळायच्या सुमाराला तिला वाटायचं, आतल्या खोलीत कोणीतरी बसलंय. आत जायची तर पलंग रिकामा. मग वाटायचं, आता बाहेरच्या खोलीत. घर दोनच खोल्यांचं आणि माणूस एकच, तरी एक खोली नेहमी भरलेली असायची. एकदा तिनं मोठ्यानं विचारलं, "ताई, तू आहेस का?" आणि उत्तराची वाट पाहताना तिच्या लक्षात आलं, की दुसऱ्या खोलीतूनही हाच प्रश्न कोणीतरी विचारत असेल तर? धाकटे, तू आहेस का? त्या संध्याकाळी तिनं जेवण केलं नाही.

रविवारी पुतणीला येता आलं नाही, तिच्या कामावर काहीतरी निघालं. तिनं फोन केला. "मग, तुझ्या दाखल्याचं बघायचं राहिलं गं."

"एक झालाय," धाकटी म्हणाली.

"एक म्हणजे?"

"एक," धाकटी पुन्हा म्हणाली. पुतणीला वाटलं आत्याला काही कळत नाही, वयानं होतं असं. "बरं, मी लवकरच येते हं," म्हणून तिनं ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात पेन्शनचा दिवस आला. ताईचा फोन थरथरला: खात्यात रक्कम जमा. धाकटीचा फोन दिवसभर मुका. दुसऱ्या दिवशीही मुका. तिसऱ्या दिवशी ती बँकेत गेली तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमचा हयातीचा दाखला नाही आलेला, आजी. म्हणून थांबलंय. दाखला द्या, मागचंही मिळेल."

म्हणजे मेलेलीला मिळालं आणि जिवंत असलेलीचं थांबलं. धाकटी बँकेच्या पायरीवर बसली. लोक बाजूनं जात होते. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यानं डाव्या गालाला घडी पडली हे तिला आतून कळलं, आणि ते हसू तिथंच विझलं. असंच चालू राहिलं तर? दर वर्षी ताईचा चेहरा हिरवा, माझा लाल. दर वर्षी मी थोडी कमी. शेवटी दारावर येऊन कोणी विचारलं तर घरात ताईच सापडेल, आणि धाकटी कधी गेली हे कोणालाच सांगता येणार नाही. तिच्यासाठी कोणी आरशावर चादरसुद्धा टाकणार नाही.

ती घरी गेली, कागदांची पिशवी घेतली, आणि या वेळी दारातून परत फिरली नाही.

पेन्शन कार्यालयात खिडक्या तीन आणि उघडी एक. आत बसलेल्या बाई चाळिशीच्या, कपाळाला आठी, बोलण्यात घाई. धाकटीनं ताईच्या मृत्यूचा दाखला पुढं सरकवला. "हिचं पेन्शन बंद करायचंय."

बाईंनी तारीख पाहिली, संगणकात क्रमांक घातला आणि आठी आणखी खोल झाली. "आजी, या उन्हाळ्यात गेल्या म्हणता. आणि हयातीचा दाखला तर त्यानंतर भरलाय. चेहरा दाखवून." त्यांनी पडदा थोडा वळवला. पडद्यावर दाखल्यावरचा फोटो होता. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "या तर तुम्हीच आहात."

"मी तिची बहीण. जुळी, धाकटी. माझंही पेन्शन इथंच आहे."

"मग हा दाखला कोणी भरला?"

"मी."

मागं रांगेत कुजबुज झाली. बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, मला एक कळू द्या. गेलेल्या कोण, आणि समोर बसलेल्या कोण? कारण धाकटीच्या नावाचा एकही कागद माझ्यासमोर नाही. उद्या कोणी म्हणेल, धाकटी गेली आणि थोरली तिच्या नावानं कागद घेऊन आली. मी काय उत्तर देऊ?"

इतक्या दिवसांत हाच प्रश्न धाकटी स्वतःला विचारत होती, फक्त इतक्या स्पष्ट भाषेत नाही. "मी चित्रकला शिकवायचे," धाकटी म्हणाली. पुरावा म्हणून ते फारच तोकडं होतं.

बाईंनी खणातून बोटाचे ठसे घ्यायचं छोटं यंत्र काढलं आणि तारेनं जोडलं. "जुळ्यांचे चेहरे सारखे असतात, आजी. ठसे नसतात. तुमचा क्रमांक सांगा. तुमचाच. दाखलाही त्यावरच भरून टाकू."

धाकटीनं क्रमांक सांगितला. सांगताना दोनदा चुकली. बाईंनी पेन्शनची माहिती भरली, तेच दोन प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, "बोट ठेवा. दाबू नका, नुसतं टेकवा."

काचेखाली लाल उजेड होता. धाकटीनं बोट टेकवलं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला, अगदी एका श्वासापुरतं, तिला वाटलं, न जुळू दे. न जुळलं तर ताई इथं बसली असेल. मी गेले असेन, आणि माझ्यासाठी रडायला ताई उरली असेल. मग त्या श्वासाच्या शेवटाला तिला ताईचा रिकामा पलंग दिसला, आणि त्यावर ताई नव्हती, हे पहिल्यांदा नीट दिसलं.

"जुळलं," बाई म्हणाल्या. "तुमचा दाखला झाला."

धाकटीनं बोट उचललं आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं.

बाकीचं सगळं कागदी होतं. बाईंनी ताईचा क्रमांक काढून पाहिला आणि म्हणाल्या, "यांनी दोन वर्षांपूर्वी ओळखपत्रावरचा फोटो नवा करून घेतलाय. तुमचा फार जुना असणार. गेल्या वर्षीपर्यंत कसाबसा जुळला असेल, आता गाल बसलेत, म्हणून यंत्राला तुमचा आजचा चेहरा तुमच्यापेक्षा त्यांच्याशी जवळचा वाटला. तुम्ही पण फोटो बदलून घ्या." अर्ज लिहून घेतला: बहिणीचा मृत्यू, तारीख, चुकून भरलेला दाखला रद्द करावा, मृत्यूनंतर जमा झालेलं सगळं परत घ्यावं. 'चुकून' या शब्दाशी धाकटी अडखळली. बाई म्हणाल्या, "साहेब बोलावतील, विचारतील. पासबुकात दिसतंय, पैशांना हात लागलेला नाही, तेवढं बरं आहे. घडलं ते तसंच सांगा."

"घडलं ते तसंच सांगितलं तर त्यांना समजेल?"

बाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. "माझी आई गेली तेव्हा तिचा नंबर मी फोनमधून वर्षभर पुसला नाही," त्या म्हणाल्या. "सही करा इथं. स्वतःची."

धाकटीनं सही केली. ताईची सही आणि तिची सही मात्र कधीच सारखी नव्हती. ताईची दवाखान्यातली, घाईची, रेघोटी ओढल्यासारखी. हिची गोल, शाळेतली.

ती बाहेर पडली तर जिन्यात एक मध्यमवयीन माणूस वर येत होता, बगलेत फाइल. तिला पाहून तो थबकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "सिस्टर! ओळखलंत का मला? माझी आई तुमच्या वॉर्डात होती. रात्रभर बसला होतात तुम्ही तिच्याजवळ. आम्ही घरात अजून तुमचं नाव काढतो."

असे लोक आयुष्यभर भेटत आले होते. दोघींनी पूर्वीच ठरवून टाकलं होतं, की कोणी चुकीच्या बहिणीला ओळख दिली तर हसून हो म्हणायचं, उगाच कशाला खुलासे. धाकटीचे ओठ सवयीनं हसायला निघाले.

"ती गेली," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. मी तिची बहीण. धाकटी."

माणसाच्या तोंडावरचा आनंद हळूहळू ओसरला. त्यानं हात जोडले, पण तिच्या चेहऱ्यावरून नजर काही हलेना. गेलेलं माणूस समोर उभं राहून आपल्या जाण्याची बातमी देतंय, असं त्याला वाटत असणार. धाकटीला त्याचं नवल वाटलं नाही.

"कशानं गेल्या?" त्यानं विचारलं.

ती जिन्याच्या कठड्याला टेकली आणि सांगायला लागली.